गोल ट्रॅकवर दोन धावपटू: गाठ कधी पडते आणि फेरी कधी चढते

पहाटे नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर भरतीची तयारी करणारी पोरं १६०० मीटरचा सराव करताना दिसतात. २०० मीटरचं वर्तुळ असेल तर आठ फेऱ्या. दोघं एकाच रेघेवरून एकदम सुटतात, थोड्या वेळानं पुढचा मागच्याला मागून येऊन गाठतो, आणि कडेला उभा असलेला कोणीतरी म्हणतो, ‘चढवली रे एक फेरी!’ ही फेरी नेमकी कितव्या सेकंदाला आणि मैदानाच्या कुठल्या कोपऱ्याला चढणार, हे शिट्टी वाजण्याआधी सांगता येतं. गणित अवघड नाही, पण तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंततात आणि उत्तर चुकतं.

पहिला प्रश्न, दोघं पुन्हा शेजारी कधी येतील? याला गाठ म्हणू. दुसरा, पुढच्याच्या मागच्यापेक्षा बरोबर एक फेरी जास्त कधी होईल? याला फेरी चढणं म्हणू. तिसरा, दोघं एकदम सुरुवातीच्या रेघेवर कधी असतील? एकाच रेघेवरून, एकाच क्षणी, एकाच दिशेनं निघाले तर पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच येतं. तिसऱ्याचं बहुतेक वेळा वेगळं असतं. सुरुवात पुढेमागे झाली, तर पहिले दोनही वेगळे होऊ शकतात.

उदाहरण एकच धरू आणि शेवटपर्यंत तेच वापरू. लाल टीशर्टवाला एक फेरी ४२ सेकंदांत मारतो, पिवळा ५४ सेकंदांत.

वर्तुळ आखणं

२०० मीटर परिघासाठी त्रिज्या ३१.८३ मीटर लागते. पण पोरगा फक्कीच्या रेघेवरून धावत नाही, तिच्या थोडा बाहेरून धावतो. कडेला उंच कठडा नसेल तर रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेरची वाट धावण्याची मानतात. म्हणून मधोमध ठोकलेल्या खुंटीपासून रेघ ३१.६३ मीटरवर मारायची. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, आणि त्रिज्या ३० सेंटिमीटरनं वाढली तर परिघ जवळजवळ १.९ मीटरनं वाढतो. त्यामुळे टेप वापरा, किंवा दोरी ताणून धरूनच तिच्यावर खूण करा.

चार बाजूंना चार झेंड्या लावा, म्हणजे दर ५० मीटरला एक खूण मिळते. झेंड्या बरोबर पाव फेरीवर आहेत का हे पाहायला लागोपाठच्या दोन झेंड्यांमधलं सरळ अंतर मोजा. ते ४४ मीटर ७३ सेंटिमीटर भरायला हवं. सुरुवातीची रेघ म्हणजे या वर्तुळाचा झिरो माईल, सगळी अंतरं तिथून मोजायची.

आता एक गंमत. ‘कधी’ या प्रश्नासाठी वर्तुळ २०० मीटरचं आहे की १८७ मीटरचं, यानं काहीच बिघडत नाही. दोघं त्याच वर्तुळावर धावत असतील आणि फेरीचे वेळ त्याच वर्तुळावर घेतले असतील, तर परिघ गणितातून निघून जातो. मीटर लागतात ते फक्त ‘कुठे’ हे सांगायला आणि १६०० मीटर खरोखर १६०० भरावेत म्हणून.

फेरीचा वेळ घेणं

सगळं उत्तर या दोन आकड्यांवर उभं आहे, म्हणून इथे घाई नको. एकाच फेरीचा वेळ घेऊन थांबू नका. चार फेऱ्या सलग मोजा आणि चारानं भागा. हातातल्या स्टॉपवॉचवर बोट मागेपुढे होऊन साधारण अर्ध्या सेकंदाची चूक धरून चाला. एका फेरीवर ती पूर्ण अर्धा सेकंद असते, चार फेऱ्यांत वाटली गेली की सेकंदाचा आठवा हिस्सा उरतो.

एवढा कीस का काढायचा? कारण पुढे दोन वेळांची वजाबाकी येते, आणि जवळजवळ सारख्या आकड्यांच्या वजाबाकीत छोटी चूक फुगते. समजा दोघांचे वेळ ४२ आणि ४४ सेकंद आहेत. उत्तर ९२४ सेकंद येतं. पण दोन्ही वेळांत अर्ध्या सेकंदाची चूक उलटसुलट असेल, तर खरं उत्तर ६१६ सेकंदांपासून १८४९ सेकंदांपर्यंत कुठेही असू शकतं. म्हणजे अंदाजच नाही. चार फेऱ्यांची सरासरी घेतली की हाच पट्टा ८२१ ते १०५६ एवढा आवळतो. आपल्या लाल-पिवळ्यात १२ सेकंदांचा फरक आहे, त्यामुळे एका फेरीवरच्या मापानंही उत्तर १७४ ते २०७ सेकंदांत राहतं. वेग जितके जवळचे, तितकं माप काटेकोर हवं.

कोनीय वेगांची वजाबाकी

वर्तुळाच्या मधोमध खुंटीपाशी उभे राहा आणि लालकडे बोट धरा. तो पळेल तसं बोट फिरेल. एका सेकंदात बोट जितके अंश फिरतं, तो त्याचा कोनीय वेग. लालचा ३६० भागिले ४२, म्हणजे सेकंदाला ८.५७१ अंश. पिवळ्याचा ३६० भागिले ५४, म्हणजे ६.६६७ अंश.

आता दुसरा हात पिवळ्याकडे धरा. सुरुवातीला दोन्ही हात एकाच दिशेला आहेत. मग लालचा हात दर सेकंदाला १.९०५ अंशांनी पुढे सरकतो. हा सापेक्ष कोनीय वेग. दोन हातांमधला कोन वाढत वाढत ३६० झाला की हात पुन्हा एकावर एक येतात. त्या क्षणी लाल पिवळ्याच्या मागून येऊन त्याच्या खांद्याला खांदा लावून असतो. ३६० भागिले १.९०५ म्हणजे १८९ सेकंद, अर्थात ३ मिनिटं ९ सेकंद.

अंश नको असतील तर थेट फेऱ्यांच्या वेळांवरून काढा:

t = (T₁ × T₂) ÷ (T₂ − T₁) = (४२ × ५४) ÷ १२ = १८९ सेकंद

पडताळा लगेच घ्या. १८९ सेकंदांत लालच्या १८९ ÷ ४२ = ४.५ फेऱ्या होतात आणि पिवळ्याच्या १८९ ÷ ५४ = ३.५. फरक बरोबर एक. हा फरक एक आला नाही तर कुठेतरी चूक आहे, पुढे जाऊच नका. दोघांचा उरलेला अपूर्णांक सारखाच, अर्धा. म्हणून जागा सुरुवातीच्या रेघेच्या बरोबर समोरची, १०० मीटरची झेंडी.

या पायरीवर तीन चुका सारख्या दिसतात. पहिली, वजाबाकीआधीच आकडे गोल करणं. ८.५७१ चे ९ आणि ६.६६७ चे ७ केले की फरक २ येतो आणि उत्तर १८० सेकंद. नऊ सेकंदांची चूक म्हणजे लालच्या पायाखालचे ४० मीटरहून जास्त. दुसरी, रेडियन आणि अंशांची खिचडी. रेडियनमध्ये फरक ०.०३३२ येतो आणि त्यानं 2π ला भागायचं असतं. सवयीनं ३६० ला भागलं की उत्तर तीन तासांच्या घरात जातं. मैदानावर असं उत्तर पाहून कोणीही हसेल, पण परीक्षेच्या कागदावर तेच निमूट लिहिलं जातं. तिसरी चूक जरा लबाड आहे. ‘लाल दर फेरीला १२ सेकंद वाचवतो, त्याला ४२ सेकंद भरून काढायचे, म्हणून ४२ ÷ १२ = ३.५ फेऱ्यांत चढवेल.’ आकडा खरा आहे, पण त्या फेऱ्या पिवळ्याच्या आहेत. लालच्या हव्या असतील तर ५४ ÷ १२ = ४.५. स्वतःचा वेळ वर घेतला की दुसऱ्याच्या फेऱ्या मिळतात, एवढं ध्यानात ठेवायचं.

लसावि कशाचं उत्तर देतो

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात बहुतेकांना सांगितलेलं असतं की अशा गणितात लसावि काढा. ४२ आणि ५४ चा लसावि ३७८. पण पहिली गाठ तर १८९ ला पडली! ३७८ हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे: दोघं एकदम सुरुवातीच्या रेघेवर कधी येतील. तोवर लालच्या ९ आणि पिवळ्याच्या ७ फेऱ्या होतात, आणि मधे एक गाठ समोरच्या झेंडीपाशी होऊन गेलेली असते.

गैरसमज टिकून राहतो तो गणितांतल्या सोप्या आकड्यांमुळे. ४० आणि ५० सेकंद घ्या. सूत्रानं २०० आणि लसाविही २००. दोन्ही रीती जुळतात आणि वाटतं की रीत एकच आहे. जुळण्याचं कारण असं: त्याच वेळात एकाच्या ५ आणि दुसऱ्याच्या ४ फेऱ्या होतात, फरक एक. हा फरक म्हणजेच वर्तुळावर गाठ पडण्याच्या ठिकाणांची संख्या. एक असेल तर प्रत्येक गाठ सुरुवातीच्या रेघेवरच. आपल्याकडे ९ आणि ७, फरक दोन, म्हणून ठिकाणं दोन, एकमेकांच्या समोरासमोर. फेऱ्यांचं गुणोत्तर संक्षिप्त रूपात लिहा आणि वजाबाकी करा, ठिकाणं मिळतात, तीही समान अंतरावर.

दोघं उलट दिशांनी सुटले तर वजाबाकीच्या जागी बेरीज करायची. दोन हात एकमेकांकडे येत असतात, म्हणून ४२ × ५४ भागिले ९६, म्हणजे २३.६ सेकंदांनी पहिली गाठ. ठिकाणं ९ + ७ = १६. इथे फेरी चढण्याचा प्रश्नच येत नाही, नुसत्या गाठी.

सुरुवात पुढेमागे असेल तर

इथे अंतर मीटरमध्ये किंवा सेकंदांत धरून चालू नका. आधी त्याचे फेरीचे भाग करा. आपल्या जोडीत लालला पिवळ्यावर एक फेरीभर कमाई करायला १८९ सेकंद लागतात, म्हणून जितके भाग कमवायचे, तितके भाग १८९ चे.

पिवळ्याला ४० मीटर पुढे उभं केलं. ४० मीटर म्हणजे २०० चा पाचवा हिस्सा, ०.२ फेरी. लाल त्याला ०.२ × १८९ = ३७.८ सेकंदांनी गाठेल. पण ही नुसती गाठ झाली, फेरी चढलेली नाही. चढायला १.२ फेरी कमवावी लागेल, म्हणजे २२६.८ सेकंद. कडेला उभी माणसं पहिल्या गाठीलाच ‘चढवली’ म्हणतात आणि मग शेवटी फेऱ्यांचा हिशोब एकानं चुकतो.

सेकंदांचा फरक असेल तर जास्त सावध राहायला हवं, कारण ते सेकंद कोणाचे हे महत्त्वाचं. पिवळा २० सेकंद उशिरा सुटला, तर त्या २० सेकंदांत धावला लाल, म्हणून लालच्या वेळानं भागायचं: २० ÷ ४२ = ०.४७६ फेरी पुढे. उरली ०.५२४ फेरी, गुणिले १८९, म्हणजे पिवळा सुटल्यापासून ९९ सेकंद. पडताळा: लाल ११९ सेकंद धावला, ११९ ÷ ४२ = २.८३३ फेऱ्या. पिवळा ९९ ÷ ५४ = १.८३३. फरक एक, अपूर्णांक सारखा. हेच २० सेकंद पिवळ्याला आधी मिळाले असते, तर भागाकार ५४ नं झाला असता.

खरा माणूस एका वेगानं धावत नाही

वरचं सगळं दोघांचा वेग कायम असेल तरच. आठ फेऱ्यांत तसं होत नाही, आणि नागपुरात मे महिन्यात तर पहाटेही हवा तापलेलीच असते. फेरीगणिक वेळ वाढत जातो. मग सूत्र बाजूला ठेवा आणि वही काढा. सुरुवातीच्या रेघेपाशी बसून प्रत्येकानं रेघ ओलांडली की घड्याळावरचा एकूण वेळ लिहायचा. घड्याळ मधे थांबवायचं नाही. समजा नोंदी अशा आल्या:

| फेरी | लाल (सेकंद) | पिवळा (सेकंद) |
|---|---|---|
| १ | ४१ | ५२ |
| २ | ८३ | १०६ |
| ३ | १२६ | १६२ |
| ४ | १७० | २२० |
| ५ | २१५ | |

आता लालची एक फेरी पुढची नोंद पिवळ्याच्या नोंदीशी ताडून पाहायची. लालची दुसरी ८३, पिवळ्याची पहिली ५२: लाल ३१ सेकंद मागे. तिसरी आणि दुसरी: २० मागे. चौथी आणि तिसरी, १७० आणि १६२: ८ मागे. पाचवी आणि चौथी, २१५ आणि २२०: लाल ५ सेकंद पुढे. ‘मागे’चं ‘पुढे’ झालं ती फेरी म्हणजे चढवल्याची फेरी.

जागाही याच दोन आकड्यांतून निघते. फेरीच्या सुरुवातीला ८ मागे, शेवटी ५ पुढे, एकूण १३ सेकंदांचा पालट. शून्य होण्याची जागा आठ तेरांश फेरीवर, म्हणजे रेघेपासून १२३ मीटर. वेळ: लालचे १७० अधिक त्याच्या ४५ सेकंदांच्या फेरीचे आठ तेरांश, साधारण १९७.७. पिवळ्याच्या बाजूनं १६२ अधिक ५८ चे आठ तेरांश, तेही १९७.७. दोन्ही बाजूंनी सारखं आलं की निर्धास्त व्हा. या रीतीत वेग फक्त त्या एका फेरीपुरता स्थिर मानावा लागतो, सबंध शर्यतीसाठी नाही.

वहीतली नेहमीची चूक म्हणजे दोघं जवळजवळ एकदम रेघेवर आले की एकाची नोंद राहून जाते. ती लगेच ओळखू येते. लागोपाठच्या दोन नोंदींतला फरक पंचावन्नच्या आसपास असताना अचानक एकशे अकरा–बारा दिसला, तर पिवळा दमला नाही, तुमची एक खूण सुटली. फेरी चढण्याच्या सुमाराला हे जास्त होतं, कारण दोघं तेव्हाच जवळ असतात. दोन माणसं बसवा, एकानं फक्त लाल टिपायचा, दुसऱ्यानं फक्त पिवळा.

आणखी एक बारीक गोष्ट. पुढे जाताना लाल बाहेरून जातो. एक मीटर बाहेर राहून अर्धी फेरी काढली तर त्याला ३.१४ मीटर जास्त पडतात, त्याच्या वेगानं सुमारे पाऊण सेकंद. म्हणून चढवणाऱ्यानं थोडं थांबून चपळाईनं पंधरा-वीस मीटरमध्ये पुढे निघावं, वळणभर शेजारून धावत राहू नये.

वेगळ्या लेन आणि ४०० मीटरचा ट्रॅक

आतापर्यंत दोघं एकाच वाटेवर होते. बाहेरचा १.२२ मीटर बाजूच्या लेनमध्ये असेल तर त्याचा परिघ ७.६७ मीटरनं वाढतो, साधारण २०७.७ होतो. आता दोघंही सेकंदाला ४ मीटर अशा एकाच वेगानं धावले तरी आतल्याची फेरी ५० सेकंदांत आणि बाहेरच्याची ५१.९ सेकंदांत होते. मीटरचा वेग सारखा, कोनीय वेग वेगळा. म्हणून आतला बाहेरच्याला फेरी चढवतोच, सुमारे साडेबावीस मिनिटांनी. वेगवेगळ्या वर्तुळांवरच्या गाठीसाठी मीटर प्रति सेकंद वजा केले तर शून्य येईल आणि ‘कधीच नाही’ असं चुकीचं उत्तर निघेल. अंश वजा करा, किंवा ज्याचे त्याचे फेरीचे वेळ सूत्रात घाला.

४०० मीटरचा प्रमाणित ट्रॅक मात्र वर्तुळ नाही. ८४.३९ मीटरच्या दोन सरळ बाजू आणि ३६.५० मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं. तिथे मधोमध उभं राहून बोट फिरवलं तर एकसारख्या वेगानं धावणाऱ्याचं बोटही कधी हळू, कधी झपाट्यानं फिरतं. त्यामुळे अंशांची भाषा सोडा आणि ‘फेरीचा कितवा भाग’ एवढंच धरा. दोघं एकाच लेनमध्ये असतील तर वरची सगळी सूत्रं जशीच्या तशी चालतात. वेगळ्या लेनमध्ये असतील तर सरळ बाजूवर दोघांचं अंतर सारखं आणि जास्तीचं अंतर फक्त वळणावर, म्हणून सूत्राचं उत्तर काही सेकंदांनी मागेपुढे होऊ शकतं. तिथे अर्ध्या ट्रॅकवर दुसरी नोंद ठेवून वहीच्या रीतीनं जागा काढावी.